नाणी घालून चालवायचे सामायिक वॉशिंग मशीन पहिल्यांदा वापरायचे आहे, नेमके कसे?

मृण्मयी_बफलो

नमस्कार. पदव्युत्तर शिक्षणासाठी मी नुकतीच न्यू यॉर्क राज्यातील बफलो येथे आले आहे. आमच्या इमारतीत घरोघरी मशीन नाही. तळघरात सर्वांसाठी मिळून वरून उघडणारी दोन वॉशिंग मशीन आहेत आणि एकावर एक रचलेले दोन ड्रायर आहेत. धुण्याचा दर पावणेदोन डॉलर आणि वाळवण्याचा दीड डॉलर असे त्यांवर लिहिले आहे. वॉशिंग मशीनवर एक धातूची सरकपट्टी आहे आणि तिच्यात उभ्या खाचांची ओळ आहे. कार्ड किंवा ॲप चालेल असे कुठेही दिसत नाही.

घरी आमच्याकडे मशीन होते, पण ते आई लावत असे. पैसे आधी घालायचे की कपडे, साबण कुठे आणि किती, कोणते बटण दाबायचे, यातले काहीच मला नीट ठाऊक नाही. धुण्यासाठी साधारण दोन जीन्स, सहा-सात टी-शर्ट, दोन सुती कुर्ते, एक नवा गडद लाल कुर्ता, सलवारी, एक टॉवेल आणि एक चादर इतके कपडे आहेत. कृपया क्रमाने सांगावे.

दत्ता_सांगलीकर

पहिली पायरी म्हणजे तळघरात जाताना खोलीची किल्ली सोबत घेणे. दार आपोआप बंद होते आणि आपण हातात ओले टॉवेल घेऊन बाहेर उभे राहतो. बाकीचे जाणकार सांगतीलच.

स्वाती_एडिसन

मृण्मयी, मशीनपेक्षा आधी नाण्यांचा विचार कर. या यंत्रांना फक्त क्वार्टर, म्हणजे पंचवीस सेंटचे नाणे चालते. तुझ्या दरांप्रमाणे धुण्याला सात आणि वाळवण्याला सहा, म्हणजे एका खेपेला तेरा क्वार्टर लागतील. बँकेत कागदात गुंडाळलेली क्वार्टरची सुरळी मिळते. तिच्यात चाळीस नाणी, म्हणजे दहा डॉलर असतात. त्यात तुझ्या तीन खेपा होतील आणि एक नाणे उरेल. काउंटरवर जाऊन सुरळी हवी असे म्हटले की पुरते. मात्र काही शाखा त्यांच्याकडे खाते नसलेल्यांना सुरळ्या देत नाहीत, म्हणून खाते उघडशील त्याच दिवशी दोन सुरळ्या मागून घे. बँक बंद असेल तर जवळच्या लॉन्ड्रोमॅटमध्ये भिंतीवर नोटा मोडून देणारे यंत्र असते. तिथे कपडे न धुता फक्त नाणी घेऊन जाणे त्यांना आवडत नाही, पण अडीअडचणीला ते चालून जाते.

अव्वल_कारकून

जून २०२० मध्ये इथे नाण्यांचे चलनवलन इतके मंदावले होते की फेडरल रिझर्व्हने बँकांना मिळणाऱ्या नाण्यांवरच मर्यादा घातली होती. तेव्हा आमच्या इमारतीत क्वार्टरला जो भाव आला होता, तो सोन्यालाही नव्हता. माझ्या खोलीतील मित्राने १९९९ ते २००८ या काळात निघालेल्या पन्नास राज्यांच्या पन्नास प्रकारच्या क्वार्टरचा संच जमवला होता. त्यातले वायोमिंग त्या दिवसांत ड्रायरमध्ये गेले. तो अजूनही माझ्याशी मोकळेपणाने बोलत नाही.

तळघरवाला

मी ओहायोमध्ये निवासी इमारतींच्या देखभालीचे काम करतो आणि याच प्रकारची मशीन रोज पाहतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पैसे सगळ्यात शेवटी घालावेत. सरकपट्टीच्या मशीनला 'सुरू' असे वेगळे बटण बहुधा नसते. पट्टी आत जाऊन परत आली आणि झाकण बंद असले की पाणी भरू लागते. त्यामुळे जे काही ठरवायचे ते त्याआधीच ठरलेले असावे. प्रथम झाकण उघडून पिंप आत रिकामे आहे का ते पाहावे आणि हात फिरवावा. आधीच्या माणसाचा एखादा मोजा तळाशी चिकटलेला असतो, किंवा ब्लीचचा वास येतो. वास आला तर रंगीत कपडे दुसऱ्या मशीनमध्ये टाकावेत.

नंतर साबण. वरून उघडणाऱ्या आणि मधोमध खांब असलेल्या मशीनमध्ये आधी तळाशी द्रव डिटर्जंट ओतावे आणि त्यावर कपडे सोडावेत. बाटलीच्या झाकणात आतून रेषा असतात. मध्यम भारासाठी खालची किंवा मधली रेषा पुरते. झाकण काठोकाठ भरून ओतण्याची सवय अनेकांना असते, पण त्याने कपडे अधिक स्वच्छ होत नाहीत. साबण खळबळून निघत नाही, कपडे वाळल्यावर कडक लागतात आणि काळ्या कपड्यांवर पांढुरके पट्टे दिसतात. भारतातून आणलेली हाताने धुण्याची पावडर इथे वापरू नये, कारण ती फेस फार करते. बफलोसारख्या ठिकाणी हिवाळ्यात नळाचे थंड पाणी इतके गार असते की कोणतीही पावडर त्यात नीट विरघळत नाही, हेही द्रव साबण घेण्याचे एक कारण आहे.

कपडे एकेक करून, सैल, खांबाच्या भोवती सर्व बाजूंना सारखे सोडावेत. खांबाला काहीही गुंडाळू नये. कपड्यांचा थर पिंपाच्या भोकांच्या सर्वात वरच्या ओळीपर्यंत आला की थांबावे आणि वरून दाबून आणखी जागा करू नये. कपड्यांना वरखाली फिरायला जागा मिळाली नाही, तर ते जागच्या जागी नुसते भिजतात.

यानंतर तापमान निवडावे. तुमच्या मशीनमध्ये बहुधा हॉट, वॉर्म आणि कोल्ड एवढेच असेल, शिवाय नाजूक कपड्यांसाठी एखादे बटण असेल. पहिल्या खेपेला कोल्ड किंवा वॉर्म घ्यावे. झाकण बंद करावे, सातही क्वार्टर खाचांत उभे करावेत आणि सरकपट्टी एका दमात, सरळ, शेवटपर्यंत आत ढकलून पूर्ण बाहेर ओढावी. अर्ध्यावर थांबू नये. मग मिनिटभर तिथेच उभे राहून पाणी भरण्याचा आवाज येतो का ते ऐकावे आणि फोनवर गजर लावावा. अशा मशीनचे एक आवर्तन साधारण अर्ध्या तासाचे असते.

केतकी_आखेन

तळघरवाला यांनी छान लिहिले आहे, पण कपडे आधी घालायचे की नाणी, हा प्रश्न इथे जर्मनीत येतच नाही. आमच्या वसतिगृहात व्यवस्थापकाकडून टोकन विकत घ्यावे लागते. मशीन पुढून उघडते आणि तापमान तीस, चाळीस, साठ अंश असे नेमके लिहिलेले असते. एका खेपेला दीड-दोन तास सहज लागतात. रात्री दहानंतर मशीन लावले तर खालच्या मजल्यावरची बाई दारावर चिठ्ठी चिकटवते. मृण्मयी, तुझ्याकडे टोकन कुठे मिळते ते आधी विचारून घे. अर्ध्या तासात कपडे स्वच्छ होतात यावर माझा विश्वास बसत नाही.

तळघरवाला

केतकीताई, त्यांच्या इमारतीत टोकन नाही, क्वार्टरच आहेत. वेळेचा मुद्दा मात्र चांगला आहे. तुमचे मशीन थंड पाणी घेऊन ते स्वतः तापवते आणि कमी पाण्यात कपडे बराच वेळ घोळवते. इथले जुने मशीन इमारतीच्या बॉयलरमधून आलेले गरम पाणी तसेच भरून घेते, ते स्वतः काहीही तापवत नाही. पाणी भरपूर वापरते आणि मधला खांब कपडे जोराने ढवळतो, म्हणून लवकर उरकते. याचा परिणाम असा, की इथे 'हॉट' म्हणजे नेमके किती अंश हे मशीनवर नाही, तर बॉयलरवर आणि आधी किती जणांनी अंघोळ केली आहे यावर ठरते. ढवळणे जोराचे असल्यामुळे नाजूक कापडाला हे मशीन तुमच्यापेक्षा कठोर आहे, हेही मान्य केले पाहिजे.

वसंतकाका_डोंबिवली

माझा मुलगा टेक्सासमध्ये असतो, त्यामुळे मी ही मशीन पाहिली आहेत. लाल कुर्त्याबद्दल कोणीच लिहिले नाही म्हणून सांगतो. नवा रंगीत कपडा रात्रभर मिठाच्या पाण्यात, थोडे व्हिनेगर घालून भिजवावा, म्हणजे रंग पक्का बसतो आणि मग तो सगळ्या कपड्यांबरोबर टाकता येतो. आमच्याकडे वर्षानुवर्षे असेच करतात. दुसरे असे की सलवारीच्या नाड्या आधी बांधून घ्याव्यात.

रेवा_वस्त्रविद्या

काका, नाड्यांचा सल्ला अगदी योग्य आहे. सुटी नाडी त्या मधल्या खांबाभोवती अशी पिळून बसते की सोडवताना नेफा फाटतो. नाडीची दोन्ही टोके एकत्र गाठ मारून आत खोचावीत. चेन लावून घ्याव्यात, खिशातले कागदी रुमाल काढावेत आणि तार असलेली अंतर्वस्त्रे जाळीच्या पिशवीत घालावीत, कारण ती तार सुटून पिंपाच्या भोकात अडकू शकते.

मिठाबद्दल मात्र मी असहमत आहे. मी वस्त्ररसायन शिकले आहे. सुती कापड रंगवताना रंगाच्या हौदात मीठ घालतात हे खरे आहे. त्यामुळे पाण्यातील रंग कापडाकडे ओढला जातो. पण तो धाग्याशी कायमचा बांधला जाण्यासाठी नंतर सोड्यासारखा अल्कली लागतो आणि ते काम कारखान्यातच झालेले असावे लागते. नवा कुर्ता रंग सोडतो तो धाग्यात न बांधला गेलेला, वरचा शिल्लक रंग असतो. तो बांधण्याचे काम घरच्या बादलीतील मीठ करू शकत नाही. व्हिनेगरचा उपयोग लोकर आणि रेशमाच्या काही रंगांना होतो, सुताला नाही. रात्रभर भिजवल्यावर काकांना फरक दिसतो तो बहुधा यामुळे, की शिल्लक रंग त्या बादलीतच निघून जातो. नुसत्या पाण्यातही तो निघालाच असता.

म्हणून मृण्मयी, कुर्त्याचा आतल्या बाजूचा कोपरा ओला करून पांढऱ्या कापडावर बोटाने अर्धा मिनिट दाबून धर. डाग उमटला तर तो कुर्ता मशीनमध्ये टाकू नकोस. बादलीत थंड पाण्याने, पाणी स्वच्छ दिसेपर्यंत वेगळा धूत राहा. चुकून दुसऱ्या कपड्यांना रंग लागलाच, तर ते कपडे ड्रायरमध्ये घालू नयेत. ओले असतानाच पुन्हा धुतले तर रंग पुष्कळसा निघतो, एकदा उष्णता लागली की तो काढणे कठीण होते.

वसंतकाका_डोंबिवली

आपले शास्त्र बरोबर असेल, पण आमच्या घरातील एकही साडी आजवर फिकी पडलेली नाही. असो, कोपरा दाबून पाहण्याची युक्ती मी सुनेला सांगतो.

हर्षद_पर्ड्यू

एवढा विचार करण्याऐवजी साबणाच्या तयार गोळ्या का वापरत नाही? एक गोळी टाकली की झाले, मोजमाप नको आणि बाटली जिन्यावरून वाहून नेणे नको. मी तर ती वरून टाकतो.

रेवा_वस्त्रविद्या

गोळी चालते, पण ती वरून टाकू नये. तळाशी टाकावी आणि कपडे त्यावर घालावेत. वर टाकलेली गोळी कपड्यांच्या घडीत अडकते, नीट विरघळत नाही आणि तिचे चिकट आवरण कापडावर राहते. हात ओला असताना डबीत घातला, तर उरलेल्या गोळ्या एकमेकींना चिकटतात. शिवाय गोळीचे अर्धे करता येत नाही. मृण्मयीसारख्या एकट्या व्यक्तीची खेप लहान असते, तिला द्रव साबणच परवडेल.

मृण्मयी_बफलो

सर्वांचे मनापासून आभार. लाल कुर्त्याच्या कोपऱ्याने पांढऱ्या रुमालावर डाग पाडला, त्यामुळे तो बाजूला काढून ठेवला आहे. आता तळघरातूनच लिहीत आहे. कपडे घालून झाले, तापमान निवडले, सात क्वार्टर लावले, पण सरकपट्टी अर्ध्यावर येऊन अडते. दोनदा प्रयत्न केला. तिच्यात एकूण आठ खाचा आहेत, त्यांतील एक धातूच्या तुकड्याने बुजवलेली दिसते. तिथेही नाणे लागते का?

तळघरवाला

नाही. बुजवलेली खाच म्हणजे दर सात नाण्यांचा ठेवला आहे एवढाच तिचा अर्थ. दर वाढवला की आम्ही तोच तुकडा काढून घेतो. जोर लावू नका. पट्टी वाकली की मशीन सर्वांसाठीच बंद पडते. पट्टी बाहेर ओढून सर्व नाणी काढा आणि एकेक पाहा. तुम्ही बफलोमध्ये आहात, नदीपलीकडे कॅनडा आहे. तिथले पंचवीस सेंटचे नाणे दिसायला सारखेच असते, पण ते किंचित लहान आणि पातळ असते. अमेरिकी नाणे २४.२६ मिलिमीटर व्यासाचे, कॅनडाचे २३.८८. डोळ्यांना हा फरक कळत नाही, पण पट्टी नाण्याची उंची आणि जाडीच तपासत असते, म्हणून ती अडते. एखाद्या नाण्यावर राणीचा चेहरा आहे का पाहा.

मृण्मयी_बफलो

आहे! दुकानातून सुटे मिळाले होते, त्यात ते आले असावे. ते बदलल्यावर पट्टी एका झटक्यात आत गेली आणि पाणी भरू लागले.

अव्वल_कारकून

पुढच्या वेळी घरीच फ्रिजवरचे चुंबक नाण्यांवर फिरवावे. कॅनडाची अलीकडची नाणी पोलादी असल्यामुळे चिकटतात, अमेरिकी क्वार्टर चिकटत नाही. चिकटलेली नाणी टाकून देऊ नयेत, नायगारा पाहायला जाताना उपयोगी पडतील.

मृण्मयी_बफलो

आवर्तन संपले आहे, पण नवा प्रश्न उभा राहिला आहे. मध्यंतरी मशीन जोरजोराने आपटत असल्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. आता झाकण उघडले तर कपड्यांतून पाणी ठिबकते आहे. चादर खांबाच्या एका बाजूला गोळा झाली आहे आणि दोन्ही जीन्स तिच्यात गुरफटल्या आहेत. मशीन बिघडले असावे का? हे कपडे असेच ड्रायरमध्ये घालावेत का?

तळघरवाला

आधी पिंपाचा तळ पाहा. तळाशी पाणी साचलेले असेल, तर पंप किंवा निचऱ्याची नळी तुंबली आहे. त्यात पुन्हा पैसे घालण्याचा उपयोग नाही. मशीनवर चिकटवलेल्या पट्टीवर मशीनचा क्रमांक आणि फोन नंबर असतो, तिथे कळवावे. ही यंत्रे पुष्कळदा घरमालकाची नसून भाड्याने ठेवणाऱ्या कंपनीची असतात आणि पैसे परत मागायचे तेही तिच्याकडेच. तळ कोरडा आणि कपडे मात्र ठिबकत असतील, तर मशीन ठीक आहे. भार एका बाजूला गेल्यामुळे शेवटचे पिळणे पुऱ्या वेगाने झालेले नाही.

तुमच्या वर्णनावरून दुसरे कारण वाटते. चादर पाण्यात फुगते, शेजारचे कपडे पोटात घेते आणि एका बाजूला जड गोळा तयार होतो. त्यात जीन्स असतील तर हमखास. पिंप फिरू लागले की तो गोळा त्याला आपटवतो. पुढच्या वेळी आपटण्याचा आवाज आला की लगेच झाकण उघडावे, पिंप थांबू द्यावे, चादर सोडवून खांबाभोवती चार ठिकाणी वाटून टाकावी आणि झाकण बंद करावे. आवर्तन जिथे थांबले तिथून पुढे चालू होते, नवे पैसे लागत नाहीत. म्हणूनच शेवटची दहा मिनिटे शक्यतो आसपास असावे.

स्वाती_एडिसन

ठिबकणारे कपडे ड्रायरमध्ये मुळीच घालू नकोस. दीड डॉलरमध्ये ते वाळणार नाहीत आणि पुन्हा पैसे घालावे लागतील. चादर आणि जीन्स वेगळ्या करून तिथल्या सिंकवर हाताने पिळून काढ. कोणी सोबत असेल तर चादर दोघींनी दोन टोकांना धरून उलट दिशांना पिळावी. टी-शर्ट कमी ओले असतील. आपण पिळायला बसलो की वेळ गेल्यासारखा वाटतो, पण सहा क्वार्टर वाचतात.

मृण्मयी_बफलो

तळ कोरडाच आहे. शेजारची एक मुलगी खाली आली होती, तिच्या मदतीने चादर पिळली. आता ड्रायरपाशी उभी आहे. कृपया त्याचेही सांगावे, कारण दोन ड्रायर एकावर एक आहेत आणि नाणी घालण्याच्या दोन फटी मधोमध शेजारीशेजारी आहेत.

हर्षद_पर्ड्यू

तिथेच सावध राहा! आमच्याकडे अनेकांनी खालच्या ड्रायरमध्ये कपडे घालून वरच्याला पैसे दिले आहेत. रिकामा ड्रायर पाऊण तास इमाने इतबारे फिरत राहतो. फटीजवळ वर आणि खाली दाखवणारे बाण असतात, ते वाचून मगच नाणे सोडावे.

तळघरवाला

हर्षद यांचे बरोबर आहे. पैसे घालण्याआधी जाळी काढून साफ करा. ती दाराच्या खालच्या कडेत खोचलेली असते. बोटांनी तिच्यावरचा कापसासारखा थर सोलून कचऱ्यात टाका. जाळी भरलेली असली की गरम हवा बाहेर जात नाही, कपडे दमट राहतात आणि आगीचाही धोका असतो. आधीच्या माणसाने साफ केली असेल असे गृहीत धरू नये.

उष्णता मधली निवडावी. इथली नाणी एकेक करून फटीत सोडायची असतात आणि बाकी रक्कम दिसत जाते. नंतर सुरू करण्याचे बटण दाबावे, नुसती नाणी घालून ड्रायर फिरत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे दार उघडले की फिरणे थांबते, पण बहुतेक यंत्रांत वेळ पुढे सरकतच राहतो. म्हणून सारखे उघडून पाहू नये. मध्यावर एकदाच उघडावे, टी-शर्ट वाळले असतील तर काढून घ्यावेत, चादरीचा गोळा सोडवावा आणि बटण पुन्हा दाबावे. शेवटी जीन्सचा कमरपट्टा आणि खिसे दमट राहिले, तर पुरी रक्कम पुन्हा न भरता एक-दोन क्वार्टर घालून काही मिनिटे वाढवता येतात का, ते पाटीवर वाचावे. बऱ्याच ड्रायरवर ती सोय असते, पण पहिले आवर्तन चालू असतानाच नाणी घातली तर.

रेवा_वस्त्रविद्या

सुती कुर्ते ड्रायरमध्ये घालू नकोस. विणताना धागे ताणलेले असतात. पाणी, उष्णता आणि सततची घुसळण मिळाली की ते सैल पडून मूळ लांबीकडे जातात, आणि कुर्ता आखूड होतो. हातमागाचा किंवा खादीचा असेल तर अधिकच. भारतात शिवून घेतलेल्या कपड्यांवर सूचनांची पट्टी नसते, तेव्हा शंका आली की खोलीत हँगरवर टाकावा. मशीनमध्ये नीट पिळलेला कुर्ता इथल्या कोरड्या हिवाळी हवेत रात्रभरात वाळतो.

केतकी_आखेन

आम्ही सगळेच कपडे खोलीत घडीच्या स्टँडवर वाळवतो आणि पैसे वाचवतो. तिथे का नाही करत कोणी?

स्वाती_एडिसन

करतात, केतकी. मीही करते. पण बऱ्याच भाडेकरारांत गॅलरीत कपडे वाळत घालायला मनाई असते, आणि लहान खोलीत चादर पसरायला जागा नसते. चादर-टॉवेल ड्रायरला, बाकीचे स्टँडला, असे मी विभागते. हळदीचा डाग असलेला कपडा तर ड्रायरमध्ये घालूच नये. साबणाने तो लालसर होतो म्हणून घाबरू नये, धुवून खिडकीत उन्हाला ठेवला की फिका पडत जातो. ड्रायरची उष्णता मात्र त्याला घट्ट करते.

मृण्मयी_बफलो

टी-शर्ट मध्यावर निघाले, चादर आणि टॉवेल पूर्ण वाळले, जीन्सचे खिसे जरा ओले राहिले होते तेव्हा दोन क्वार्टर आणखी घातले. कुर्ते हँगरवर आहेत. म्हणजे आजच्या खेपेला तेराऐवजी पंधरा क्वार्टर लागले.

एक शेवटची शंका. दुसऱ्या मशीनमध्ये कोणाचे तरी धुऊन झालेले कपडे बराच वेळ तसेच पडून होते आणि एक मुलगा ताटकळत उभा होता. अशा वेळी दुसऱ्याचे कपडे बाहेर काढणे योग्य आहे का?

हर्षद_पर्ड्यू

निःसंकोच काढावेत. आवर्तन संपल्यावर दहा मिनिटे थांबलो की आपले कर्तव्य संपले. रविवारी संध्याकाळी तर पाच.

वसंतकाका_डोंबिवली

मला हे पटत नाही. परक्या माणसाच्या, विशेषतः परक्या स्त्रीच्या कपड्यांना हात लावणे बरे नव्हे. थोडा वेळ थांबावे किंवा दुसऱ्या दिवशी जावे.

तळघरवाला

मी दोन्ही बाजूंच्या तक्रारी ऐकतो. कपडे काढायचेच असतील तर ते स्वच्छ टेबलावर किंवा मशीनच्या झाकणावर ठेवावेत, जमिनीवर कधीही नाही. आणि ते परस्पर ड्रायरमध्ये टाकण्याचा परोपकार करू नये. कोणाचा तरी लोकरी स्वेटर त्यात असतो.

दत्ता_सांगलीकर

आमच्या इमारतीत प्रत्येकाने आपली रिकामी टोपली मशीनवरच ठेवून जायची असा नियम एका तैवानी मुलीने सुरू केला. उशीर झाला तर पुढचा माणूस तुमचे कपडे तुमच्याच टोपलीत ठेवतो, त्यामुळे निम्मी भांडणे मिटली. उरलेली निम्मी दहा मिनिटे थांबायचे की वीस, यावर आहेत आणि ती दिव्याच्या बटणाशेजारी चिकटवलेल्या कागदावर चार भाषांत चालू आहेत.